आठवड्यात तीनच दिवस जिम: अप्पर, लोअर आणि फुल बॉडीची वाटणी कशी करायची

तीनच दिवस जिमला जाणाऱ्याने चेस्ट-ट्रायसेप्स, बॅक-बायसेप्स, लेग-शोल्डर अशी वाटणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात प्रत्येक स्नायूला आठवड्यातून एकदाच काम मिळतं आणि नेमका तोच दिवस बुडाला की पुढचा नंबर थेट पंधरा दिवसांनी लागतो. त्यापेक्षा एक दिवस अप्पर, एक लोअर आणि एक फुल बॉडी असं केलं की छाती, पाठ, पाय सगळ्यांची आठवड्यातून दोनदा पाळी येते. स्क्वॉट, बेंच वगैरे धडपणे करता येतं असं धरूनच पुढचं लिहितोय.

वार असे धरा: सोमवार अप्पर, बुधवार लोअर, शनिवार फुल. लोअर आणि फुल दोन्हीत पाय येतात म्हणून मध्ये गुरुवार-शुक्रवार मोकळे ठेवायचे. संध्याकाळी जाणार असाल तर पुण्यातल्या बहुतेक जिममध्ये सोमवारी बेंचवर रांग असते, अशा वेळी ताटकळत बसू नका, डंबेल प्रेसने सुरुवात करा.

अप्परला बेंच प्रेस तीन सेट ६ ते ८ रेप्सचे, मग एक रो, बसून ओव्हरहेड प्रेस, लॅट पुलडाऊन, आणि वेळ उरला तर बायसेप्स-ट्रायसेप्स दोन-दोन सेट. लोअरला स्क्वॉट तीन सेट, रोमानियन डेडलिफ्ट तीन सेट ८ ते १० चे, लेग कर्ल आणि काफ रेज. झालं, यात डोकं लावण्यासारखं काही नाही. वजन किती, तर सेट संपताना अजून एक-दोन रेप्स निघाले असते एवढं.

खरी गडबड फुल बॉडीच्या दिवशी होते आणि मलाही हाच दिवस नीट बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोक दोनच गोष्टी करतात. एक तर सोमवार-बुधवारचं सगळं एका दिवसात कोंबतात आणि दोन तास जिममध्ये काढतात, नाहीतर "डेडलिफ्ट म्हणजेच फुल बॉडी" असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून शनिवारी जड डेडलिफ्ट लावतात. दुसरा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. डेडलिफ्टमध्ये काही वाईट नाही हो, पण आठवडाभरात कंबरेवर काय काय आलंय ते कुणी मोजतच नाही.

कागदावर बघितलं तर सोमवारी कंबरेला सुट्टी असते, कारण तो अप्परचा दिवस. पण बेंट ओव्हर रो करताना तुम्ही वाकून उभे असता आणि बार हातात असेपर्यंत कंबरेचे स्नायू पाठ सरळ धरून ठेवायचं काम करत असतात. बुधवारी स्क्वॉटला तेच स्नायू, लगेच रोमानियन डेडलिफ्टला परत तेच, आणि शनिवारी डेडलिफ्ट. म्हणजे छातीला दोन दिवस, पायांना दोन दिवस आणि कंबरेला मात्र तिन्ही दिवस ड्युटी. ओव्हरहेड प्रेस उभ्याने करत असाल तर त्यात अजून भर.

आमच्या जिममधलाच एक मुलगा घ्या, हिंजवडीला नोकरी, दिवसभर खुर्चीत बसून वर येण्याजाण्याचा प्रवास, आणि आठवडा अगदी वर लिहिलाय तसाच. त्याचा स्क्वॉट ७० किलोवर अडकलेला, सहाच्या वर रेप जात नव्हता. एकाने सांगितलं प्रोटीन वाढव, दुसऱ्याने सांगितलं पाय कमजोर आहेत, लेग एक्स्टेन्शन कर. त्याचा सेट शेजारी उभं राहून बघितला तर पाचव्या रेपपासून खालून वर येताना ढुंगण आधी उचललं जायचं आणि छाती खाली पडायची. आता हे मांड्या कमी पडल्या तरी होतं, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरवू नका. पण त्याला विचारलं, रोमानियन डेडलिफ्टचा सेट का थांबवतोस, मांडीच्या मागे ताण येऊन की कंबर भरून? तर म्हणाला कंबर, पाय तर ताजेच असतात. बुधवारी नुसता २० किलोचा रिकामा बार खांद्यावर घेतला तरी कंबर आधीच आखडलेली वाटायची. या दोन खुणा एकत्र दिसल्या की पायांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग त्याचा आठवडा असा बदलला. सोमवारचा बेंट ओव्हर रो काढून सीटेड केबल रो, जिममध्ये छाती टेकवून करायचं रो मशीन असेल तर ते अजून चांगलं. बुधवारला हातच लावला नाही, कारण कंबरेचं जड काम एकाच दिवशी असावं आणि तो दिवस बुधवार. शनिवारची डेडलिफ्ट गेली आणि तिच्या जागी लेग प्रेस तीन सेट १० ते १२ चे, त्यात पाठ टेकलेली असते. फक्त वजन खाली घेताना कंबर पॅडवरून उचलली जाईल इतकं खोल जायचं नाही, नाहीतर जे वाचवायला आलो तेच दुखावेल. त्यानंतर इन्क्लाइन डंबेल प्रेस तीन सेट, पुलडाऊन किंवा पुल-अप्स तीन सेट, हिप थ्रस्ट दोन सेट, शेवटी साइड रेज आणि बायसेप्स. सगळे मिळून पंधराएक सेट, तासाभरात आटपतं. महिन्याभरात तोच ७० किलोचा स्क्वॉट आठ रेप्स नीट जायला लागला, मग २.५ किलो वाढवलं, आणि आहार होता तोच होता.

ज्याला डेडलिफ्ट आवडते त्याने ती खुशाल ठेवावी, पण मग शनिवारी दोनच सेट पाच-पाचचे, तेही सगळ्यात आधी, आणि त्याबदल्यात बुधवारची रोमानियन डेडलिफ्ट काढून लेग कर्लचे सेट वाढवायचे. दोन्ही जड ठेवून बघू म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं, बघू नका.

कंबर भरून येणं म्हणजे मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखा, बोथट ताण, जो दोन-तीन दिवसांत उतरतो. एकाच बाजूला कळ येत असेल, पायात खाली दुखणं उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर ते वाटणी बदलून सुटणारं प्रकरण नाही, व्यायाम थांबवून डॉक्टरला दाखवा.

रविवारी सकाळी सिंहगड चढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. उतरताना मांड्यांवर जो मार बसतो तो सोमवार-मंगळवारी जाणवतो, म्हणून सोमवारी अप्परच ठेवा, लोअर नको, आणि शनिवारी लेग प्रेस दोनच सेट हलक्या वजनाने.

पावसात अडकून किंवा ऑफिसमुळे बुधवार बुडाला तर गुरुवारी लोअर करा, शनिवार आहे तसा राहू दे, फक्त लेग प्रेसचा एक सेट कमी. गुरुवारही गेला तर शनिवारी लोअर आणि फुल दोन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका. त्या दिवशी लेग प्रेसच्या जागी स्क्वॉट, हिप थ्रस्टच्या जागी रोमानियन डेडलिफ्ट दोन सेट आणि बाकी यादी तीच. कंबर आठवडाभर मोकळी असते, त्यामुळे त्या शनिवारी हे चालतं.