जुना पासवर्ड दाखवून धमकावणारा ईमेल आला तर

"तुझा पासवर्ड अमुक आहे, वेबकॅमवरून तुझा व्हिडिओ काढलाय, ४८ तासांत बिटकॉइन पाठव, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो." पासवर्ड खरा निघाला की पोटात गोळा येतो. पण तो तुमच्या लॅपटॉपमधून गेलेला नसतो. कुठल्यातरी वेबसाइटची चोरीला गेलेली यादी घेऊन हाच मजकूर हजारो लोकांना धाडलेला असतो. २०१२ साली लिंक्डइनमधून असेच कोट्यवधी पासवर्ड गेले होते. ज्याच्याकडे खरंच व्हिडिओ असेल, तो त्यातला एखादा फोटो जोडेल. दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड कशाला दाखवेल?

१. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, जोडलेली फाइल उघडू नका.
२. haveibeenpwned.com वर आपला ईमेल पत्ता टाका. कोणत्या साइटवरून माहिती फुटली ते बहुतेक वेळा तिथे दिसतं.
३. तो पासवर्ड आजही कुठे चालू असेल तर लगेच बदला. ईमेल आणि बँकेपासून सुरुवात करा, दोन टप्प्यांची पडताळणीही लावा.
४. मेल स्पॅममध्ये टाका.

कधी मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, पाकिटावर कुणाचंही नाव लिहावं तसा. तरी 'सेंट' फोल्डर आणि खात्यात कुठून लॉगिन झालंय ते एकदा बघा.

मात्र सोबत तुमचा खरा खासगी फोटो असेल, किंवा अनोळखी व्यक्तीशी व्हिडिओ कॉल झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पैसे देऊ नका; मेल जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. पैसे आधीच गेले असतील तर थेट १९३० ला फोन लावा.