बाळाचे फोटो काढून टाका, हे ग्रुपवर कसं लिहावं

बारशाच्या दिवशी कोथरूडच्या घरी काढलेले लेकीच्या आंघोळीचे फोटो मीच उत्साहात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. महिन्याभराने नको वाटलं. तोवर `Delete for everyone` ची मुदत टळून गेली होती. ती दोन दिवसांहून थोडीच जास्त असते. मुदतीत डिलीट केले तरी आयफोनवर फोटो आधीच गॅलरीत सेव्ह झालेला असू शकतो. म्हणून माणसांनाच विनंती करावी लागते.

"फोटो डिलीट करा प्लीज" एवढ्यावर काही होत नाही. कोणते फोटो, कुठून काढायचे, हे लिहावं लागतं. मी लिहिलं होतं:

"आत्या, काका, मामी, बारशाच्या दिवशी मी टाकलेले आंघोळीचे चार फोटो कृपया फोनमधून काढाल का? चूक माझीच, ते टाकायलाच नको होते. आधी ग्रुपमधून, मग गॅलरीतून आणि शेवटी गॅलरीच्या ट्रॅशमधूनही. कुणाला पुढे पाठवले असतील तर मला फक्त सांगा, रागावणार नाही. पाळण्यातले फोटो खुशाल ठेवा."

तेच फोटो ओळखण्यासाठी पुन्हा ग्रुपवर टाकू नका. ट्रॅशचं आवर्जून लिहा, कारण बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो. आजीला मेसेज वाचून जमणार नाही. रविवारी शेजारी बसून तिच्या फोनमधून तुम्हीच काढा. आमच्या आत्यांनी एक फोटो डीपीला ठेवला होता, तो फोन केल्यावरच कळला.