शब्दमर्यादा ओलांडलेली आणि फार अपुरी असाइनमेंट कशी तपासावी

नव्याने तपासनीस झालेल्यांना निकष समजावून दिले जातात, नमुना उत्तर दिलं जातं, गुणपत्रकही मिळतं. शब्दमर्यादेबद्दल मात्र बहुतेकदा एकच ओळ सांगितली जाते, "जास्त असेल तर गुण कापा." किती कापायचे, कशातून कापायचे आणि मुळात शब्द मोजायचे कसे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून तेच काम एकाकडे ५८ गुण मिळवतं आणि दुसऱ्याकडे ६८. मी बरीच वर्षं निबंध आणि छोटे प्रबंध तपासतो आहे, शिवाय इतरांनी तपासलेल्या कामांची फेरतपासणीही करतो. फेरतपासणीत दिसणारे मोठे फरक पुष्कळदा याच जागी उगम पावलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. निबंधाची मर्यादा २००० शब्द, वर १० टक्के सवलत, म्हणजे २२०० पर्यंत दंड नाही. पहिल्या पानावर विद्यार्थ्याने "शब्दसंख्या २१७०" असं लिहिलं आहे. तुम्ही फाइल उघडून मोजता तर आकडा येतो २५६०. इथे लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नका. वर्डमध्ये शब्द मोजण्याच्या खिडकीत `Include textboxes, footnotes and endnotes` असा एक पर्याय असतो. त्याची खूण काढली की तळटीपा गणतीतून गळतात. या निबंधात ३९० शब्द तळटीपांत आहेत. विद्यार्थ्याने ते सोडून मोजले, तुम्ही धरून मोजले. गूगल डॉक्सचा आकडा तर तळटीपा धरतच नाही, त्यामुळे दोघांनी वेगवेगळी साधनं वापरली तरी हाच घोळ होतो.

मग खरा आकडा कोणता? तो नियमावर ठरतो, म्हणून तपासणी सुरू करण्याआधी अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात एकच गोष्ट शोधा: गणतीत काय धरलं आहे? संदर्भसूची आणि परिशिष्टं सहसा बाहेर असतात, शीर्षकं आणि मजकुरातली अवतरणं सहसा आत. तळटीपा, तक्ते आणि चित्रांखालच्या ओळी यांबाबत मात्र प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. तळटीपा बाहेर असतील तर आपला निबंध २१७० शब्दांचा, पूर्णपणे निर्दोष. आत असतील तर २५६० चा, मर्यादेच्या २८ टक्के वर. नियमात काहीच लिहिलेलं नसेल तर स्वतः ठरवू नका. अभ्यासक्रमप्रमुखांना विचारा, आणि मिळालेलं उत्तर सगळ्या तपासनीसांना कळवा. मार्गदर्शन खरोखरच संदिग्ध असेल तर त्याचा फायदा विद्यार्थ्याला द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण ती त्रुटी त्याची नाही.

समजा, तळटीपा आत धरायच्या आहेत. आता दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत तपासनीस २२०० व्या शब्दाला थांबतो आणि पुढचं वाचतच नाही. दुसरीत सगळं वाचून गुण देतात आणि मग ठरलेल्या पायऱ्यांनी वजावट करतात. तुमच्याकडे कोणती आहे ते आधीच ठरलेलं असायला हवं. "थांबण्याच्या" पद्धतीत वेगळी वजावट नसते, कारण शिक्षा आपोआप होते: प्रतिवाद आणि निष्कर्ष हे निबंधाचे सर्वांत कसदार भाग शेवटी येतात आणि तेच न वाचलेले राहतात. ही पद्धत विद्यार्थ्याला आधीपासून लेखी माहीत असेल तरच न्याय्य ठरते. कुठे थांबलात तिथे समासात स्पष्ट खूण करा, नाहीतर फेरतपासणाऱ्याला तुमचे गुण कळणार नाहीत.

वजावटीची पद्धत असेल तर हिशेब असा. समजा पायऱ्या अशा आहेत: मर्यादेच्या वर १० ते २० टक्के असेल तर ५ गुण, २० ते ३० टक्के असेल तर १० गुण, त्यापुढे १५. आपल्या निबंधाचं जास्तीचं प्रमाण २००० वर मोजायचं, म्हणजे ५६० शब्द, २८ टक्के, १० गुण वजा. काही जण चुकून २२०० पासून मोजतात. मग ३६० शब्द जास्त, साधारण १६ टक्के, आणि फक्त ५ गुण जातात. सवलत ही दंड सुरू कुठे होतो ते सांगते. टक्केवारीचा पाया मूळ मर्यादाच राहतो. गुणपत्रकावर "आशयासाठी ६८, वजावट १०, अंतिम ५८" असं वेगळं लिहा. नुसतं ५८ लिहिलं तर विद्यार्थ्याला कळणार नाही की त्याचं लेखन ६८ च्या दर्जाचं होतं.

नव्या तपासनीसाच्या हातून नकळत होणारा अन्याय नेमका इथेच घडतो. लांब निबंध वाचून आपण वैतागलेले असतो, म्हणून "मांडणी" या निकषात गुण कमी देतो, "नेमकेपणा" मध्येही कमी देतो, आणि वर १० गुणांची वजावट करतो. एकाच दोषाची तिनदा शिक्षा. मी क्रम पाळतो तो असा: आधी शब्दसंख्या पक्की करून बाजूला लिहून ठेवायची, मग ती विसरून निकषांप्रमाणे गुण द्यायचे, आणि शेवटी वजावट. मांडणीत गुण कापायचेच असतील तर कारण लांबीखेरीज दुसरं असलं पाहिजे. तोच मुद्दा दुसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदात आला, किंवा तीन अवतरणं दिली पण एकाचंही विश्लेषण नाही, असं काहीतरी बोट ठेवून दाखवता येईल असं.

अपुऱ्या कामाचा न्याय वेगळा आहे. त्याच २००० च्या निबंधासाठी ११८० शब्द आले, तर पहिलं काम म्हणजे फाइल पूर्ण आहे का ते पाहणं. शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं आहे का, "पुढील भागात पाहू" म्हटलेला भाग आहे का, तक्ता चित्र म्हणून चिकटवला आहे का? चित्रातले शब्द मोजणीत येत नाहीत. भलतीच आवृत्ती जमा झाल्याची शंका आली तर गुण देण्याआधी कार्यालयाला कळवा. विद्यार्थ्याशी परस्पर संपर्क करू नका, विशेषतः तपासणी निनावी असेल तर.

फाइल पूर्ण असेल, तर माझ्या मते वेगळी वजावट करूच नये, नियमात किमान शब्दसंख्येची अट आणि तिचा दंड स्पष्ट लिहिला नसेल तोवर. जे लिहिलं नाही त्याचे गुण मिळतच नाहीत. निकष समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे लिहा: संकल्पना स्पष्ट केली आहे, पुरावा एकच आहे, प्रतिवाद नाही, निष्कर्ष दोन ओळींचा. असा निबंध शंभरात ४५ च्या आसपास सहज येतो, कोणतीही वजावट न करता. क्वचित कधी ११८० शब्दांतही सगळे निकष नीट पूर्ण झालेले असतात. तेव्हा चांगले गुण द्यायला कचरू नका.

अभिप्राय लिहिताना "फार लहान आहे" किंवा "शब्दमर्यादा पाळा" एवढ्यावर थांबू नका. त्यातून विद्यार्थी पुढच्या वेळी प्रस्तावना फुगवतो किंवा आंधळेपणाने परिच्छेद उडवतो. लांब निबंधावर मी असं लिहितो: "दुसरा परिच्छेद पार्श्वभूमीचा आहे, तो तीन वाक्यांत बसेल. तळटीप ४ आणि ७ मध्ये तुमचा मुख्य युक्तिवाद आहे, तो मजकुरात आणा आणि त्याच्यासाठी पाचवा परिच्छेद काढा." आणि अपुऱ्यावर: "तुमच्या दाव्याला विरोध करणारा एक पुरावा घ्या आणि तो का टिकत नाही ते ४०० शब्दांत दाखवा. उरलेली जागा तिसऱ्या परिच्छेदातल्या उदाहरणाच्या विश्लेषणाला द्या."