काचेच्या टाकीतली रिटेनिंग वॉल: या चुका टाळा, नाहीतर चुकीचा कोन मोजाल

टाकीत भिंतीमागे वाळू भरायची, स्क्रूच्या हँडलने भिंत वाळूपासून दूर ओढायची आणि वाळू ज्या तिरप्या पातळीवर तुटून सरकते ती फेल्युअर प्लेन मोजायची, असा हा प्रयोग. एका गटाच्या जर्नलमध्ये मी वाचलं होतं, 'फेल्युअर प्लेन आडव्याशी 33 अंशांवर मिळाली.' टाकी चांगली होती, वाळू कोरडी होती, फोटोही स्पष्ट होते. वाळूचा घर्षणकोन 34 अंश होता, म्हणजे ॲक्टिव्ह स्थितीतली, भिंत दूर सरकून वाळूचं बळ किमान झाल्यावरची प्लेन 45 अधिक घर्षणकोनाचा अर्धा भाग 17, म्हणजे 62 अंशांच्या आसपास यायला हवी. मुलांनी मोजलेली रेषा फेल्युअर प्लेन नव्हतीच. भिंत पुढे ओढल्यावर वाळू घरंगळून जिथे थांबली, तो उतार त्यांनी मोजला होता.

ही चूक फार वेळा होते, आणि तिचं मूळ हँडल फिरवण्यात आहे. 30 सेंटिमीटर उंचीच्या भिंतीमागे घट्ट भरलेली वाळू असेल, तर ॲक्टिव्ह स्थिती यायला भिंत उंचीच्या हजारात एक-दोन भाग सरकली तरी पुरते, म्हणजे जेमतेम 0.3 ते 0.6 मिलिमीटर. या गटाने भिंत एका दमात तीन सेंटिमीटर पुढे ओढली होती. भिंत आणि प्लेन यांच्यामधली वाळूची पाचर केव्हाच सरकून मोडली होती, उरला होता तो नुसता ढिगाऱ्याचा उतार.

म्हणून स्क्रू एक मिलिमीटर पिचचा असेल तर पाव-पाव फेरा फिरवा, आणि दर वेळी थांबून भिंतीवरचं बळ मोजणाऱ्या लोडसेलचं रीडिंग घ्या. टाकी 30 सेंटिमीटर रुंद, वाळूचं वजन घनमीटरला 16 किलोन्यूटन आणि भिंत गुळगुळीत धरली, तर भिंत हलण्याआधीच्या स्थिर अवस्थेतलं बळ साधारण 95 न्यूटन येतं आणि ॲक्टिव्ह अवस्थेत ते 61 पर्यंत उतरतं. बळातली ही घट पहिल्या दोन-तीन पाव फेऱ्यांतच दिसून संपते. तिथे बेफिकिरी झाली तर प्रयोगाचा गाभाच हातून जातो.

प्लेन डोळ्याला दिसायला मात्र अर्धा मिलिमीटर कमी पडतो. भरताना दर पाच सेंटिमीटरला काचेलगत रंगीत वाळूची पातळ पट्टी टाका. बळ स्थिरावल्यावर भिंत आणखी तीन-चार मिलिमीटर सरकवा. पट्ट्या जिथे तुटून खाली सरकतात ती ठिकाणं जोडली की 62 अंशांची रेषा उभी राहते, आणि ती वरच्या पृष्ठभागाला भिंतीपासून साधारण 16 सेंटिमीटरवर भेटते. फोटो काचेला काटकोनात, मधोमध कॅमेरा ठेवूनच घ्या. हलवण्याआधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून पाहिले, की सरकलेला भाग चटकन वेगळा दिसतो.

दुसरी तक्रार याच्या उलट असते: 'भिंत काढली तरी वाळू पडतच नाही.' इथे वाळू मुठीत घेऊन दाबा. गोळा होत असेल तर ती ओली आहे. ओलाव्यामुळे कणांना जो आभासी चिकटपणा येतो, तो फक्त 1 किलोपास्कल धरला तरी आपल्या वाळूसाठी उभ्या कड्याची सैद्धांतिक उंची 47 सेंटिमीटर निघते. आपली भिंत तर 30 सेंटिमीटरचीच! सहा मीटरच्या खऱ्या भिंतीला हा चिकटपणा किरकोळ असतो, टाकीत मात्र तोच सगळं ठरवतो. वाळू ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी करा, गार होऊ द्या, मगच भरा.

तिसरी अडचण भिंतीच्या कडांची. फट ठेवली तर कोपऱ्यातून वाळू झिरपते, आणि पृष्ठभागावर पाचर हलायच्या आधीच नरसाळ्यासारखा खड्डा पडतो. फट बंद करायला रबर ठासलं, तर भिंत काचेला घासून बळ स्वतःच पेलते आणि लोडसेल कमी दाखवतो. मऊ फोमची पट्टी हा मला पटलेला मधला मार्ग आहे. वाळू भरायच्या आधी रिकामी भिंत सरकवून नुसतं घर्षण किती येतं ते नोंदवा.

काच वाळूलाही धरून ठेवते. वरून पाहिलं तर भेग मध्यभागी भिंतीपासून लांब आणि काचांजवळ भिंतीकडे वळलेली दिसते. काचेतून दिसणारी प्लेन मधल्या प्लेनपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून वरचाही एक फोटो हवाच.

पॅसिव्ह प्रयोग करायचा असेल, तर आधी टाकीची लांबी पाहा. भिंत आत ढकलल्यावर गुळगुळीत भिंतीसाठी प्लेन 28 अंशांवर निघते आणि पृष्ठभागाला 56 सेंटिमीटरवर भेटते. मागे 50 सेंटिमीटरच जागा असेल तर वाळू मागच्या काचेवर अडते, बळ भलतंच वाढतं आणि काचेवर ताण येतो. त्या टाकीत वाळूची उंची 20 सेंटिमीटरवर आणा, पाचर साधारण 38 सेंटिमीटरमध्ये मावते.