वज्रच्छेदिकेतली 'स्वप्न, बुडबुडा, सावली, वीज' ही गाथा वापरताय? आधी या चुका टाळा

बुद्ध पौर्णिमा आली किंवा कुणाकडे पुण्यानुमोदन असलं की माझ्या फोनवर तो फोटो येतोच. मागे धुकं, एक कमळ, आणि वर लिहिलेलं की सगळ्या गोष्टी स्वप्नासारख्या, बुडबुड्यासारख्या, सावलीसारख्या, विजेसारख्या आहेत. खाली नाव 'धम्मपद'. धम्मपदात ही गाथा नाही हो! ती आहे वज्रच्छेदिका प्रज्ञापारमितेच्या म्हणजे वज्रसूत्राच्या अगदी शेवटी, आणि हे महायान सूत्र पाली तिपिटकात नाहीच. धम्मपदात जगाकडे बुडबुड्यासारखं, मृगजळासारखं बघा असं सांगणारी गाथा आहे (१७० वी), संयुत्त निकायातल्या फेणपिण्डूपम सुत्तात रूपाला फेसाची, वेदनेला बुडबुड्याची, विञ्ञाणाला मायेची उपमा आहे, आणि लोक हे सगळं एकत्र कालवून एक फोटो बनवतात. फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं पुस्तक उघडायला काय जातं ते मला आजवर कळलेलं नाही.

पण ही झाली किरकोळ चूक. जिच्यावर माझं डोकं खरंच फिरतं ती वेगळी: संस्कृत गाथा एका पाठातली आणि मराठी अर्थ दुसऱ्याच पाठाचा.

आमच्या ओळखीतल्या एका घरी पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची होती. मुलगा हौशी, मजकूर त्यानेच जमवला, आणि माझ्याकडे प्रूफ आलं ते रात्री उशिरा, 'फक्त एकदा नजर टाका, सकाळी छापायला द्यायचंय' असं म्हणून. वर संस्कृत होतं:

तारका तिमिरं दीपो माया वश्याय बुद्बुदम् ।
स्वप्नं च विद्युदभ्रं च एवं द्रष्टव्यं संस्कृतम् ॥

आणि खाली अर्थ: 'सर्व संस्कृत गोष्टी स्वप्न, भ्रम, बुडबुडा, सावली, दव आणि वीज यांसारख्या आहेत.' यातलं 'संस्कृत' म्हणजे भाषा नव्हे, कारणांनी घडलेलं. मी फोन करून विचारलं, बाबा, वरच्या दोन ओळींत सावली कुठाय ते दाखव. शांतता. मग म्हटलं, तारका वर आहे, दिवा आहे, ढग आहे, ते खाली कुठे गेले? तर म्हणाला, 'काका, इंटरनेटवर असंच आहे.' त्यात भर म्हणजे 'मायावश्याय' मध्येच तोडलेलं, आणि पत्रिकेच्या मागच्या पानावर त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेलं 'मायेला वश झालेल्या बुडबुड्याला'. तो शब्द माया आणि अवश्याय असा सुटतो, अवश्याय म्हणजे दव, आपलं दहिवर. वश होण्याचा काही संबंधच नाही. मराठी अर्थात दव होतं, संस्कृतात त्याने ते स्वतःच्या हाताने मारून टाकलं होतं!

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे कळलं की निम्म्या चुका आपोआप सुटतात. सावली ही कुमारजीवांच्या चिनी भाषांतरातली आहे. कुमारजीवांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्या छांगआन शहरात हे सूत्र चिनीत आणलं, त्यांच्या गाथेत सहा उपमा येतात: स्वप्न, माया, बुडबुडा, सावली, दव, वीज. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम इथे तोंडपाठ असते ती हीच, आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेले बहुतेक फोटोही तिच्यावरूनच. आज उपलब्ध असलेल्या संस्कृत पाठात मात्र नऊ उपमा आहेत: तारका, तिमिर, दिवा, माया, दव, बुडबुडा, स्वप्न, वीज, ढग. सावली नाही. म्हणजे पाच समान, चार फक्त संस्कृतात, एक फक्त कुमारजीवांकडे.

यावर एक हुशार माणूस हमखास म्हणतो की चिनी कवितेत जागा कमी, म्हणून कुमारजीवांनी चार गाळल्या. अहो, ५०९ साली बोधिरुचींनी हेच सूत्र परत भाषांतरित केलं, तशाच पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी, आणि त्यात नऊच्या नऊ उपमा बसवल्या. पुढे सातव्या शतकात ह्युएनत्संगांकडेही नऊच आहेत. तेव्हा जागेची सबब चालत नाही. आणि कुमारजीव 'चुकले' असंही म्हणू नका, त्यांचा पाठ हीसुद्धा दीड हजार वर्षांहून जुनी, स्वतंत्र परंपरा आहे. फक्त कुठला पाठ घेतलाय ते ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

माझी सवय अशी. संस्कृत गाथा समोर आली की आधी अक्षरं मोजायची. अनुष्टुभ आहे, चार चरण, प्रत्येकी आठ. कुणी अर्थाला जुळावं म्हणून मध्येच 'छाया' घुसवली असेल तर तिथेच पकडली जाते. पण चुकीचं तोडलेलं मोजणीत सापडत नाही, 'माया वश्याय' तोडलं तरी अक्षरं तेवढीच राहतात, म्हणून मग उपमा बोटांवर मोजायच्या. नऊ भरल्या पाहिजेत. आठच भरत असतील तर बहुधा दव हरवलंय. 'द्रष्टव्यं' की 'द्रष्टव्य' यावर मात्र भांडत बसू नका, छापील आवृत्त्यांत दोन्ही दिसतं.

आता दुसरी चूक, आणि ही शिकलेली माणसं जास्त करतात. नऊही उपमांचा अर्थ एकच लावायचा, 'सगळं क्षणभंगुर आहे', आणि पुढे जायचं. घाई, दुसरं काही नाही. अरे, तारे काय क्षणभंगुर आहेत का? दिवा रात्रभर जळतो. एकच गोष्ट सांगायची असती तर बुडबुडा पुरला असता.

या सूत्रावर बौद्ध आचार्य असंगांच्या नावाने परंपरेत चालत आलेल्या कारिका, म्हणजे अर्थ सांगणारे श्लोक आहेत, इटालियन अभ्यासक जुझेप्पे तुच्ची यांनी १९५६ साली त्यांचा संस्कृत पाठ छापला. त्यात या नऊ उपमांना ओळीने नऊ जागा दिल्यात: दृष्टी, निमित्त म्हणजे समोर दिसणारा विषय, विज्ञान, राहतो ते जग, देह, भोग, आणि मग भूत, वर्तमान, भविष्य. आता एकेक लावून बघा. तारे संपत नाहीत, सूर्य उगवला की दिसेनासे होतात, तशा आपल्या दृष्टी, मतं, खरं ज्ञान आलं की मावळतात. दिवा तेल-वातीवर जगतो, तसं विज्ञान कशाच्या तरी आधारावर. माया म्हणजे गारुड्याने उभं केलेलं, ते जगाला. दव देहाला, बुडबुडा भोगांना. स्वप्न भूतकाळाला, कारण गेलेलं फक्त आठवणीत उरतं. वीज वर्तमानाला, चमकली म्हणेपर्यंत गेली. आणि ढग भविष्याला, आत्ता मोकळं दिसणाऱ्या आकाशात कुठून तरी भरून येतात तसे.

तिमिर मी मुद्दाम मागे ठेवलं. मराठी माणूस तिमिर वाचतो आणि लगेच अंधार लिहितो. इथे तिमिर म्हणजे डोळ्याचा आजार, आयुर्वेदात याच नावाने सांगितलेला. सुश्रुतात या रोग्याला समोर माश्या, केस, जाळी दिसतात असं वर्णन आहे. अंधारात माणसाला असलेलं दिसत नाही, तिमिरात नसलेलं दिसतं, उलटाच प्रकार! निमित्ताला ही उपमा का दिली ते मग कळतं: समोर केस तरंगतोय असं रोग्याला अगदी खरं वाटतं, तो हात घालून तो बाजूला करायला जातो, आणि तिथे काही नसतं. बरा करायचाय तो डोळा. 'अंधार' लिहिलंत की ही सगळी गंमत गेली.

कुमारजीवांच्या सहा उपमांवर ही नऊची यादी ओढूनताणून बसवू नका, ते माप त्या अंगाचं नाही.

तिसरी चूक, 'म्हणजे सगळं खोटं, मिथ्या' हा निष्कर्ष. यावर मी पूर्वी तास-तास वाद घालायचो, आता थोडक्यात सांगतो. एक म्हणजे गाथेत असं 'पाहावं' म्हटलंय, असं 'आहे' म्हटलेलं नाही. दुसरं, ही गोष्ट 'संस्कृत' म्हणजे कारणांनी, प्रत्ययांनी घडलेल्या गोष्टींपुरती आहे. आपल्याकडे अंत्यविधीला 'अनिच्चा वत सङ्खारा' म्हणतात ना, त्यातले संखार तेच. जे असंस्कृत आहे ते या यादीत नाही, आणि याच सूत्रात आधी आर्य पुरुषांची ओळख असंस्कृतावरून सांगितली आहे. मायेमागे ब्रह्म शोधायला निघालेल्यांनी तो शोध दुसऱ्या ग्रंथात घ्यावा, इथे तसं मागे काही ठेवलेलं नाही. आणि 'शून्यता' ही वज्रच्छेदिकेची किल्ली म्हणून भाषण ठोकण्याआधी लक्षात घ्या, या सूत्रात तो शब्द येतच नाही.

मूल गेलेल्या आईला ही गाथा ऐकवून 'सगळं स्वप्नच आहे ताई' म्हणणारे लोक मी पाहिलेत. गाथेच्या आधीचं वाचा. बुद्धांनी सुभूती या शिष्याला सांगितलंय की एखाद्याने असंख्य विश्वं सात रत्नांनी भरून दान दिली, तरी यातली चार चरणांची एक गाथा धारण करून दुसऱ्याला सांगणाऱ्याचं पुण्य जास्त. मग प्रश्न येतो, ती सांगायची कशी? आणि तिथे ही गाथा येते. कुमारजीवांच्या पाठात उत्तर आणखी उघड आहे: कुठल्याही लक्षणाला न धरता, न हलता. म्हणजे नियम आधी सांगणाऱ्याला लागू आहे. समोरच्याचं दुःख उडवून लावायला कुणी परवाना दिलेला नाही.

बाकीच्या बारीकसारीक. 'ये मां रूपेण चाद्राक्षुः' ही याच सूत्रातली दुसरी गाथा, ती आणि ही जोडून एक करू नका. 'अध्याय ३२' असा संदर्भ चालतो, पण ते ३२ भाग नंतर चीनमध्ये पाडलेत, बुद्धवचनाचा भाग म्हणून सांगू नका. आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली ती प्रसिद्ध गुंडाळी, ८६८ सालची, तुनह्वांगच्या गुहेत सापडलेली, वांग ज्ये नावाच्या माणसाने आईवडिलांसाठी छापवून घेतलेली: ती तारीख असलेल्या संपूर्ण छापील पुस्तकांतली सर्वांत जुनी आहे, पण चिनी आहे, कुमारजीवांचा पाठ आहे. तिचा फोटो लावून खाली 'तारका तिमिरं' लिहायचं नाही. त्या फोटोखाली सावलीच शोभते.