कोफ्तगरी जुनी की बाजारी? सोनं झिजलेल्या जागी बघा

कोकणातल्या जुन्या घरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात कधीकधी एक काळी पोलादी पेटी सापडते. अंगभर सोनेरी वेलबुट्टी असते आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "ह्यां सोन्याचां आसा मां?" हे काम आपल्याकडचं नव्हे. पंजाबातल्या सियालकोट आणि गुजरात (हे पंजाबातलं गाव, आपलं शेजारचं राज्य नव्हे) इथल्या कारागिरांची ही कोफ्तगरी. तलवारीच्या मुठींवर आणि ढालींवर सोनं चढवणारी ही माणसं. 1849मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला, शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा तेच हात पेट्या, तबकं, दौती करायला लागले. आपल्याकडची माणसं नोकरीनिमित्त कराचीला, फौजेत, रेल्वेत होती. त्यांच्या ट्रंकेतून या वस्तू बोटीने रत्नागिरी-मालवणला उतरल्या.

पण त्याच फडताळात बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने स्पेनमधल्या तोलेदोहून आणलेलं तबक असू शकतं, किंवा कुणी सहलीला जाऊन उदयपूरहून आणलेली डबी. तिन्ही काळ्यावर सोनेरी. वेगळं ओळखायचं कसं, ते सांगतो.

आधी पुसू नका. चिंच-मीठ, लिंबू, पितळ घासायची पूड, काही काही नको. मी सुरुवातीला एका तबकाला समईसारखी चिंच लावली आणि पाचव्या मिनिटाला फडक्यावर सोन्याचे कण दिसले. पोलादाला आंबट खातं, आणि खालचं पोलाद गेलं की वरच्या सोन्याला धरायला काही उरत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, तेवढं पुरे.

लोहचुंबक दोऱ्याला बांधून पेटीजवळ न्या. ओढला गेला नाही तर पोलाद नाही, पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू असेल. बिदरी कामही काळं असतं, पण ते जस्ताचं, त्यात बहुधा चांदी असते, आणि तिथे चुंबक ओढला जात नाही. चुंबक चिकटला म्हणजे जुनं, असं मात्र नाही. तोलेदोचा मालही पोलादी असू शकतो.

सोनेरी रेघेत कुठे हिरवट डाग आहे का बघा. असेल तर ती पितळेची किंवा तांब्याची तार. सोनं हिरवं पडत नाही.

आता खरं काम. इथे मला वर्षं लागली आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

आधी कोफ्तगरी कशी होते ते लक्षात घ्या. कारागीर पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक छिन्नीने एका दिशेने दाट रेघा मारतो, मग आडव्या, बहुधा तिसऱ्या दिशेनेही. पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. त्यावर शुद्ध सोन्याची तार किंवा पातळ पट्टी ठेवून हातोडीने ठोकतो. मऊ सोनं त्या दातांत रुतून बसतं. डिंक नाही, डाख नाही, नुसती पकड. मग तापवून पुन्हा ठोकतात आणि अकीकाच्या दगडाने घासून उघड्या राहिलेल्या रेघा मिटवतात. साधारण 300 अंशांना पोलादावर निळसर काळी झाक येते. खोल खाचेत सोनं भरून बरोबरीला आणायची वेगळी रीत आहे, तिला तहनिशान म्हणतात. पेट्यांवर जास्त करून कोफ्तगरीच असते.

यातून पुढचं सगळं निघतं. चमकणाऱ्या भागावरून काही कळत नाही, कारण तिथे सोनं त्या छेदणाऱ्या रेघांची जाळी झाकून बसलेलं असतं. जिथे सोनं गेलंय तिथेच जाळी उघडी पडते. म्हणून पेटी हातात घेताच झिजलेली जागा शोधा: झाकण उघडताना अंगठा लागतो ती कड, कोपरे, तळाची धार. जवाहिऱ्याचं दहापट भिंग घ्या आणि उजेड वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाका. टॉर्च टेबलावर आडवा ठेवला की झालं. वरून उजेड पाडाल तर जाळी दिसणारच नाही.

माझी चूक ही की पहिल्यांदा ती जाळी दिसली तेव्हा मला ती पॉलिश-कागदाचे ओरखडे वाटली. झिजलेल्या कोपऱ्यावर नुसत्या रेघाच रेघा. मी घरातल्या काकूंना सांगितलं, "कुणीतरी घासून जुनी केलीय, नकली आहे." त्यांनी ती वस्तू मोडीच्या भावात दिली. महिन्याभराने दुसऱ्या, कारागिराच्या हातच्या तुकड्यावर तीच जाळी पाहिली आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून घाईने "नकली" म्हणत नाही.

फरक असा ओळखा. कारागिराच्या जाळीतल्या रेघा दोन-तीन दिशांना असतात, एकमेकींना छेदतात, आणि त्यांच्यातलं अंतर कुठे कमी कुठे जास्त असतं, कारण प्रत्येक रेघ हाताने मारलेली असते. त्या रेघा सोन्याच्या पानाखाली शिरतात: पानाची कड उकललेली असते तिथे भिंग धरा, जाळी सोन्याखाली जाताना दिसेल. पॉलिश-कागदाचे ओरखडे एका बाजूला झुकलेले, उथळ, आणि सोन्यावरूनही गेलेले असतात. जाळी सोन्याखाली की ओरखडा सोन्यावर, एवढंच ठरवायचं. दोनदा बघा, उजेडाची बाजू बदलून तिसऱ्यांदा बघा.

मुलाम्याच्या वस्तूवर ही जाळीच नसते. तिथे झीज झालेल्या जागी गुळगुळीत धातू दिसतो, बऱ्याचदा सोन्याच्या आणि धातूच्या मधे तांब्याचा लालसर पातळ थर. मुलामा चढवायच्या आधी तो दिलेला असतो.

पण जाळी दिसली म्हणजे जुनं, असं धरू नका. उदयपूरला आजही कारागीर हाताने जाळी मारून कोफ्तगरी करतात, तोलेदोलाही हाताने करणारे आहेत. जाळी फक्त हे सांगते की सोनं ठोकून बसवलंय. जुनेपण ठरवायला अजून दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, तारेचा हात. जुन्या चांगल्या पेटीवर लहान पान भरतानाही कारागीर तारच वापरतो, एकाशेजारी एक फेरे देत. भिंगातून फेऱ्यांच्या बारीक फटी दिसतात. घाईच्या कामात त्याच जागी पातळ पत्र्याचं ठिगळ असतं, कडा सपाट कापलेल्या. वेलबुट्टीतली शेजारशेजारची दोन फुलं ताडून बघा. हातची फुलं कधीच सारखी नसतात. शंभर फुलं तंतोतंत सारखी असतील तर ती ठसा मारून किंवा छापून आलेली.

दुसरी, गंज. आपल्या किनाऱ्यावर ही परीक्षा फार उपयोगी, कारण खाऱ्या हवेत पोलाद वर्षानुवर्षं गंजतंच. जुना गंज काळसर तपकिरी, घट्ट, खोलगट खड्ड्यांत बसलेला असतो, आणि तो सोन्याखाली शिरून त्याला उचलतो. त्यामुळे सोन्याचे कण गंजाच्या खड्ड्यांच्या कडेने निघालेले दिसतात. आम्ल किंवा मीठ लावून आणलेला गंज नारिंगी असतो, पृष्ठभागावर सारखा पसरलेला, आणि सोन्याच्या वरही चढलेला. बिजागरीच्या आत बघा. खरा जुना गंज तिथेही पोचलेला असतो, खोटा क्वचित.

गेल्या पावसाआधी मालवणजवळच्या एका घरात मी दोन वस्तू पाहिल्या. घरात दोन्ही "आजोबांच्या" म्हणून सांगत होते. पेटी साधारण 18 सेंमी लांब, 11 सेंमी रुंद. चुंबक चिकटला. झाकणाच्या पुढच्या कडेला अंगठ्याएवढी जागा झिजलेली, आडव्या उजेडात तीन दिशांची असमान जाळी, शेजारच्या पानाखाली शिरणारी. पानात तारेचे पाच फेरे मोजता आले. एका फुलाला आठ पाकळ्या, शेजारच्याला सातच. बिजागरीच्या खोबणीत काळसर गंज, आणि त्याला लागून सोनं उडालेलं. आतलं मखमली अस्तर मात्र नवं, डिंकाने चिकटवलेलं. अस्तर नवं म्हणून पेटी नवी ठरत नाही, अस्तर लोक बदलतात. पंजाबची जुनी कोफ्तगरी, असा माझा निर्णय. आजोबा कराचीला होते, ती कहाणी जुळली.

तबकाला चुंबक चिकटलाच नाही. काठावर काळा रंग टवका उडून निघालेला, खाली पितळ. सोनेरी फुलं चोवीस, चोवीसही सारखी, आणि सोनेरी रेघांच्या कडा शाई पसरावी तशा धूसर. झिजलेल्या काठावर तांब्याचा लालसर थर. हे तबक आजोबांचं नव्हे. चौकशी केली तेव्हा कळलं, बोटीवरचा मुलगा 1990च्या सुमारास घेऊन आला होता. त्या घरातल्या काकूंना वाईट वाटलं, पण तबक त्यांनी फेकू नये असंच मी सांगितलं. मुलाने आणलेलं आहे, ठेवावं. फक्त पेटीच्या शेजारी ठेवू नये. पितळ आणि पोलाद दमट हवेत एकमेकांना टेकून राहिली, तर त्या जागी पोलाद लवकर गंजतं.

अशी पेटी मिळाली तर मऊ सुती कापडाला शिवणयंत्राचं तेल अगदी पुसट लावून गंजाच्या जागी फक्त टेकवा, घासू नका. सोनं उचललेलं दिसत असेल तिथे तेही नको. पाऊस सुरू व्हायच्या आत कोरड्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवा. लाकडी कपाटात नुसती ठेवलीत तर सप्टेंबरपर्यंत बिजागरी धरलेली असेल.