जुन्या फोनची किंमत दारात कमी का होते? एक्सचेंज करताना या चुका टाळा

नवा फोन कार्टमध्ये टाकला, एक्सचेंजवर टिक केली, जुन्याचं मॉडेल निवडलं, चार प्रश्नांना भराभर हो-नाही केलं आणि बिल अकरा हजारांनी उतरलं. मग डिलिव्हरीच्या दिवशी दारात आलेला माणूस जुना फोन हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "याचे एवढे नाही येणार." लगेच फसवणुकीची भाषा सुरू होते. काही वेळा तक्रार खरीही असते, पण बहुतेक भांडणांचं मूळ त्या चार उत्तरांतच सापडतं.

चेकआउटला आकडा दिसतो तेव्हा तुमचा फोन कुणीच पाहिलेला नसतो. तुम्ही सांगितलेलं मॉडेल आणि तुम्ही दिलेली उत्तरं, एवढ्यावरच तो निघतो. दारातला माणूस स्वतःच्या मनाने भाव लावत नाही. त्याच्या ॲपमध्ये साधारण तेच प्रश्न पुन्हा असतात आणि तो फोन बघून उत्तरं भरतो. एखादं उत्तर बदललं की ॲप रक्कम बदलतं, किंवा एक्सचेंज थेट नाकारतं. काही ठिकाणी कमी रकमेचा पर्याय मिळतो, काही ठिकाणी 'सांगितल्याप्रमाणे असेल तरच घेऊ' एवढंच असतं. आपली ऑफर यातली कुठली, हे ऑर्डर देण्याआधी अटींमध्ये वाचून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सगळ्यात महाग चूक: स्क्रीनचं उत्तर आठवणीवर देणं

"स्क्रीनला काही दोष आहे का?" या प्रश्नाला लोक फोन वर न उचलताच "नाही" म्हणतात. रोज वापरणाऱ्याला रोजचा दोष दिसेनासा होतो. त्यात वरून टेम्पर्ड ग्लास चिकटवलेली असते. दारात ती निघते, कव्हरही निघतं, आणि दोन-तीन वर्षांत न पाहिलेली काच आणि कडा एकदम समोर येतात.

आकड्यांत बघू. समजा नवा फोन 24,999 रुपयांचा आहे. जुन्याचे 9,000 लागले आणि या मॉडेलवर 2,000 एक्सचेंज बोनस आहे. म्हणजे तुम्ही भरायचे 13,999. दारात स्क्रीन पांढरी करून पाहिल्यावर वरच्या कोपऱ्यात मसुराएवढा काळसर डाग निघतो. "डिस्प्लेवर डाग" हे उत्तर भरलं आणि 9,000 चे 4,200 झाले. आता 4,800 जास्त द्यायचे. आणि ऑफर 'घेऊ किंवा नाकारू' प्रकारची असेल तर प्रकरण आणखी वाईट: जुना फोन घेतला जाणार नाही, त्याला बांधलेला बोनसही जाईल, म्हणजे नवा फोन हवाच असेल तर 11,000 वर भरा.

एका डागाला एवढी मोठी कपात का, असं वाटणं साहजिक आहे. कारण साधं आहे. हल्लीच्या फोनमध्ये वरची काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. जुना फोन घेणाऱ्याला तो दुरुस्त करून पुन्हा विकायचा असतो, आणि डाग पुसता येत नाही, पूर्ण पॅनल बदलावं लागतं. मागच्या पॅनलवर ओरखडा असला तर थोडेच पैसे कापले जातात, डिस्प्लेवर रेघ असली तर निम्मी किंमत उडते, ती यामुळे.

म्हणून प्रश्नांना हात लावण्याआधी दहा मिनिटं द्या. टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर काढून टाका. "ग्लास काढली तर चरा पडेल" ही भीती आता सोडा, फोन तसाही जाणार आहे. स्क्रीन बंद ठेवून खिडकीजवळ तिरपी धरा, म्हणजे काचेवरचे चरे आणि कोपऱ्यातल्या केसाएवढ्या भेगा दिसतात. मग ब्राइटनेस पूर्ण करून एक कोरं पांढरं चित्र उघडा: डाग, गुलाबी किंवा पिवळसर छटा, उभ्या रेघा लगेच कळतात. त्यानंतर राखाडी चित्र उघडा. ॲमोलेड स्क्रीनवर कीबोर्डची किंवा खालच्या तीन बटणांची पुसट सावली कायमची उमटलेली असेल तर ती राखाडीवरच सगळ्यात स्पष्ट दिसते, आणि तोही दोषच धरला जातो.

टचसाठी होम स्क्रीनवरचा एखादा आयकॉन दाबून धरा आणि बोट न उचलता पूर्ण स्क्रीनवर, अगदी कडेकडेनं फिरवा. एकाच जागी तो पुन्हा पुन्हा सुटत असेल तर तिथला टच गेलेला आहे. सॅमसंगवर डायलरमध्ये `*#0*#` टाकलं की बऱ्याच मॉडेल्समध्ये रंगांची आणि टचची तयार चाचणी उघडते. शाओमी, रेडमी आणि पोकोवर त्यासाठी `*#*#6484#*#*` आहे.

स्क्रीन आधी बाहेर बदलून घेतली असेल तर ते लपवू नका. आयफोन 11 पासून पुढच्या मॉडेल्समध्ये सेटिंग्जमधल्या About मध्ये 'Unknown Part' असा उल्लेख येऊ शकतो. अँड्रॉइडवर स्वस्त पॅनल रंगावरून आणि जाड कडेवरून ओळखू येतं. दोष खरा सांगितला तर चेकआउटलाच 4,200 दिसतात. तिथे बसून, घाई नसताना, हा सौदा परवडतो का ते ठरवता येतं.

रॅम आणि स्टोरेज चुकीचं निवडणं

फोनच्या माहितीत "8 जीबी + 8 जीबी" असं लिहिलेलं असतं आणि लोक यादीतून 16 जीबीचं मॉडेल शोधतात. दुसरे 8 म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली आभासी रॅम. खरी रॅम पहिली, 8. स्टोरेजचं उलटं होतं: फोनमध्ये 110 जीबीच्या आसपास मोकळी जागा दाखवते म्हणून कुणी 64 निवडतं आणि स्वतःचं नुकसान करून घेतं. विकताना लिहिलेला आकडा धरायचा, म्हणजे 128. बॉक्स किंवा बिल हाताशी असेल तर त्यावरूनच निवडा.

आयएमईआय बॉक्सवरून उतरवणं

आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. घरात एकाच कंपनीचे दोन फोन असले की बॉक्स हमखास बदलतात. `*#06#` डायल करा आणि स्क्रीनवर येणारा 15 अंकी नंबरच टाका. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. वेगळं काही सांगितलं नसेल तर पहिला टाका.

फोन एकदा हरवून परत मिळाला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. हरवल्यावर तो सरकारच्या संचार साथीच्या सीईआयआर यंत्रणेत ब्लॉक केला असेल आणि सापडल्यावर अनब्लॉक करायचं राहिलं असेल, तर एक्सचेंज अडकू शकतं. `KYM`, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवला की स्थिती कळते.

फुगलेली बॅटरी

कडेनं पाहिल्यावर पाठीचं पॅनल किंवा स्क्रीन फ्रेमपासून उचललेली दिसली तर असा फोन एक्सचेंजला लावू नका. दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, बॅटरी पेट घेऊ शकते. तो सर्व्हिस सेंटरला न्या.

दुसरी मोठी चूक: एजंट दारात उभा असताना रीसेट करणं

फोन ठणठणीत, सगळी उत्तरं बरोबर, तरी एक्सचेंज फिसकटतं ते इथे. माणूस बेल वाजवतो, मग धावपळ सुरू होते. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला जातो. फोन चालू होतो आणि जुन्या गूगल अकाउंटचा पासवर्ड मागतो. तो कुणाला आठवत नाही. अँड्रॉइड 5.1 पासून चोरीच्या फोनांसाठी हे कुलूप आहे आणि खऱ्या मालकालाही ते सोडत नाही. आयफोनला 'Find My' चालू राहिलं की हेच होतं. कुलूपबंद फोन घेणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ सुटे भाग असतात, त्यामुळे एजंट तो घेत नाही. त्याचं बरोबरच आहे.

त्याच वेळी दुसरी अडचण उभी राहते. डिलिव्हरीचा ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम याच फोनमध्ये, आणि उरलेली रक्कम यूपीआयने द्यायची तर ते ॲपही याच फोनमध्ये. ॲप आत्ताच पुसलं गेलं, आणि कुलूपबंद फोनवर ओटीपी वाचताही येत नाही.

हे टाळायचं तर क्रम असा ठेवा. आदल्या रात्री बॅकअप घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून वेगळा घ्यावा लागतो, तो विसरू नका. ई-सिम असेल तर ते दुसऱ्या फोनवर हलवा. उरलेले पैसे शक्यतो ऑर्डर देतानाच भरून टाका.

डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि एक कॉल लावून पाहा. मेमरी कार्ड काढा. स्क्रीन लॉक काढा. सेटिंग्जमधून गूगल अकाउंट हटवा, आणि सॅमसंगचं किंवा शाओमीचं अकाउंट असेल तर तेही. आयफोनवर ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा, पासवर्ड मागेल तो द्या. एवढं झाल्यावरच रीसेट, आणि तोही सेटिंग्जमधूनच. फोन पुन्हा चालू झाला की वाय-फाय जोडून पुढे जा आणि जुनं अकाउंट मागत नाही ना ते बघा. नवीन अकाउंट न घालता 'Skip' करत होम स्क्रीनपर्यंत आणून ठेवा, म्हणजे एजंटला कॅमेरा, टच आणि आयएमईआय लगेच तपासता येतो. चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या. बंद पडलेल्या फोनची तपासणीच होत नाही.

रीसेट झाल्यावर एका मिनिटाचा व्हिडिओ काढा: पांढरी स्क्रीन, चारही कडा, पाठ, मग `*#06#`. एकाच सलग शॉटमध्ये. तुकड्यांच्या व्हिडिओवरून तो हाच फोन होता हे दाखवता येत नाही.

तरीही रक्कम कमी आली तर

"नेमकं कुठलं उत्तर बदललं?" हे विचारा आणि त्याच्या ॲपवर दाखवायला सांगा. दोष दाखवला तर तुमच्या व्हिडिओशी ताडून बघा. काचेवरचा तेलकट डाग किंवा टेम्पर्ड ग्लासचा उरलेला गोंद भेग समजला गेला असेल, तर मऊ कापडाने पुसून पुन्हा तपासायला सांगण्यात काही गैर नाही. दोष खरा असेल तर एजंटशी वाद घालून उपयोग नाही, रक्कम त्याच्या हातात नसते.

रक्कम मान्य नसेल तर नवा फोन स्वीकारण्याआधीच नकार द्या आणि ओटीपी सांगू नका. ओटीपी दिला की व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद होते. "वरचे हजार रोख द्या, मी फोन पास करतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. ते पैसे कुठल्याही पावतीवर येत नाहीत. पुढे गोदामात फोन पुन्हा तपासला गेला आणि हरकत निघाली, तर तुमच्या बाजूने दाखवायला काहीच उरत नाही. नकार दिल्यावर त्याच दिवशी ऑर्डरच्या मदत विभागात तो व्हिडिओ, चेकआउटच्या रकमेचा स्क्रीनशॉट आणि एजंटने सांगितलेलं कारण, तिन्ही एकत्र टाका.